'तुमच्या स्पेकमध्ये चूक आहे' हे जपानी ग्राहकाला कसं लिहायचं?

पुण्यात बसून जपानी कंपन्यांचं काम करणाऱ्या टीममध्ये मी बरीच वर्षं मधला माणूस म्हणून काम केलं. या कामाला 'ब्रिज इंजिनिअर' असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात दिवसातला निम्मा वेळ इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे नीट पोचतंय ना, हे बघण्यात जातो. त्यातला एक मेसेज मी अजून जपून ठेवला आहे. आमच्या एका टीम लीडने ग्राहकाला चॅटवर पाठवलेला. मूळ इंग्रजीत होता, इथे मराठीत देतो. नाव बदललं आहे. तानाका हे जपानात आपल्याकडच्या पाटील-कुलकर्ण्यांइतकं सर्रास आडनाव आहे.

"हाय तानाका, तुमच्या स्पेकमध्ये चूक आहे. ऑर्डर नंबर ८ अंकी लिहिलाय, पण सॅम्पल फाइलमध्ये १० अंकी आहे. मागच्या आठवड्यातही विचारलं होतं. लवकरात लवकर दुरुस्त करून पाठवा, नाहीतर शुक्रवारची डिलिव्हरी होणार नाही. थँक्स!"

यातलं एकही वाक्य खोटं नाही. चूक खरंच ग्राहकाच्या स्पेकमध्ये, म्हणजे त्यांनी दिलेल्या तपशीलपत्रात होती, मागच्या आठवड्यात खरंच विचारलं होतं आणि उत्तर आलं नसतं तर शुक्रवार खरंच हुकला असता. दोन दिवस काहीच उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी तानाकांच्या वरच्या साहेबांचा एका ओळीचा मेल आला, "आतमध्ये खात्री करून घेत आहोत." आमचा लीड वैतागला. एवढ्या साध्या प्रश्नाला, आठ की दहा, तीन दिवस?

प्रश्न साधाच होता. पण त्या मेसेजमध्ये प्रश्न कुठे विचारला होता? त्यात होता एक आरोप (तुमची चूक), एक टोमणा (आधीही विचारलं होतं), एक हुकूम (लवकर पाठवा) आणि एक धमकी (नाहीतर होणार नाही). तो एका ग्रुपवर टाकला होता आणि त्या ग्रुपमध्ये तानाकांचे साहेबही होते. म्हणजे चार माणसांदेखत तानाकांच्या पदरात चूक टाकली होती. त्यानंतर ते 'दहा' असं साधं उत्तर देऊच शकत नव्हते. आधी चूक कुणाची, हे त्यांना त्यांच्या घरात निस्तरावं लागलं. तीन दिवस त्यात गेले.

'स. न. वि. वि.'ची जपानी बहीण

जपानी व्यावसायिक मेल पहिल्यांदा बघणाऱ्याला तो रिकाम्या ओळींनी भरलेला वाटतो. सुरुवातीला कंपनीचं नाव, त्याखाली विभाग, मग आडनाव आणि त्याला जोडलेलं 'सामा' हे आदराचं बिरुद. मग 'इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमास', म्हणजे 'नेहमी आपल्या सहकार्याचा लाभ होत असतो'. मग 'मी अमुक कंपनीचा तमुक', जरी तो तमुक रोज तीन मेल पाठवत असला तरी. मग विषय. शेवटी 'योरोशिकु ओनेगाइ इताशिमास', ज्याचं भाषांतर करू नये. 'लोभ असावा ही विनंती' त्याच्या सगळ्यांत जवळ जातं.

हे म्हटलं की माझ्या वयाच्या लोकांच्या चेहऱ्यावर ओळख दिसते. आपणही 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष' लिहून मगच मूळ मुद्द्याला हात घालत होतो. आजोबांना पत्र लिहिताना 'पैसे पाठवा' हे वाक्य तिसऱ्या परिच्छेदात यायचं आणि त्याआधी इकडील सर्व क्षेम असायचं. त्या ओळींमध्ये माहिती नव्हती हे खरं, पण त्या गाळल्या असत्या तर आजोबांनी आईला विचारलं असतं, "पोरगा रागावलाय का?" जपानी मेलमधली ती पहिली ओळ हेच काम करते. ती असते तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. नसते तेव्हा लगेच येते.

पण ही ओळ आंधळेपणाने चिकटवू नये. 'ओसेवा नि नात्ते ओरिमास' हे आधीपासून संबंध असलेल्यांसाठी आहे. पहिल्यांदाच मेल करत असाल तर 'प्रथमच संपर्क साधत आहे, क्षमस्व' अशा अर्थाची वेगळी सुरुवात असते. कधी न भेटलेल्या माणसाला 'आपलं सहकार्य नेहमी लाभतं' म्हटलं तर त्याला कळतं की हा साचा कुठून तरी उचलला आहे. इंग्रजीत लिहीत असाल तर 'सामा'ची गरजही नाही, आडनावापुढे 'सान' पुरतं. फक्त 'हाय तानाका' नको. बिनबिरुदाचं आडनाव तिथे फार जवळच्यांत किंवा फार खालच्यांशी चालतं. आणि 'सान' स्वतःच्या नावाला कधीच लावायचं नाही. 'मी कुलकर्णी-सान' हे 'मी कुलकर्णीसाहेब बोलतोय'सारखं ऐकू येतं. पुण्यात तसं म्हणणारे आहेत, हा भाग वेगळा.

मऊ काय करायचं, कडक काय ठेवायचं

आता खरा मुद्दा. 'जपान्यांना थेट बोललेलं आवडत नाही' एवढंच वाक्य ऐकून आमच्याकडची माणसं दुसऱ्या टोकाला जातात. सगळंच गुळगुळीत करून टाकतात. "थोडा उशीर होण्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी प्रयत्न चालू आहेत." हा मेल पहिल्यापेक्षा वाईट आहे. जपानी ग्राहकाला यातून काही हाती लागत नाही. उलट हा माणूस काहीतरी लपवतोय, असं वाटतं. तारखा, आकडे, पान क्रमांक, झालेला उशीर या बाबतीत ते लोक आपल्यापेक्षा कितीतरी काटेकोर आहेत. वाईट बातमी त्यांना लवकर आणि नेमकी हवी असते.

म्हणून मी टीमला एकच फरक शिकवायचो. वाक्य माणसाला लागत असेल तर ते मऊ करा. वाक्य वस्तूला लागत असेल तर ते अजून कडक करा. 'तुम्ही चुकलात', 'तुम्ही पाठवा', 'आम्ही करणार नाही', ही माणसाला लागणारी वाक्यं. मागणी, नकार, चूक दाखवणं आणि आठवण करून देणं, बहुतेक या चारच ठिकाणी ती येतात. 'पान १२', '१० अंकी', 'बुधवारी दुपारी १२', ही वस्तूची वाक्यं. यांत 'साधारण', 'शक्यतो', 'लवकरच' असं काही घालायचं नाही.

माणसाला लागणारं वाक्य मऊ करण्यासाठी जपानीत तयार उशा असतात. त्यांना नावही 'कुश्शोन कोतोबा' असंच आहे, उशीचे शब्द. उशीसाठीचा शब्द इंग्रजीतून उसना घेतलेला. काही मागायचं तर आधी 'ओतेसू ओ ओकाकेशिमास गा', आपल्याला तसदी देत आहे पण. वैयक्तिक किंवा आतलं काही विचारायचं तर 'साशित्सुकाए नाकेरेबा', काही अडचण नसेल तर. नाही म्हणायचं तर 'आइनिकु', दुर्दैवाने. आपल्याकडेही 'तेवढं जरा', 'तसदीबद्दल माफी', 'राग मानू नका पण' आहेतच की. एका मागणीला एक उशी पुरते. तीन लावल्या तर मागणी उशांखाली दबते आणि वाचणाऱ्याला ती शोधत बसावी लागते.

'का?' या शब्दाची वेगळी काळजी घ्यावी लागते. आमच्या पोरांना सवय: "व्हाय डिड यू चेंज द रिक्वायरमेंट?" यात त्यांना खरंच कारण हवं असतं, म्हणजे त्याप्रमाणे डिझाइन करता येईल. पण पलीकडे ते 'का बरं बदललंत?' असं कमरेवर हात ठेवून विचारल्यासारखं पोचतं. तिथे कारण विचारायचं नसतं, पार्श्वभूमी विचारायची असते. "काही अडचण नसेल तर या बदलामागची पार्श्वभूमी कळेल का, म्हणजे आम्हाला डिझाइन त्याला धरून करता येईल." प्रश्न तोच, पण आता उत्तर देणाऱ्याला स्वतःचा बचाव करावा लागत नाही आणि पार्श्वभूमी सहसा चांगली लांबलचक मिळते.

तोच मेसेज, नव्याने

आता तो आठ-दहाचा मेसेज घेऊ. पहिला बदल शब्दांआधीचा: तो ग्रुपवर न टाकता तानाकांना एकट्यांना मेल करायचा. समोरच्याची चूक दाखवताना त्याच्या साहेबांना सीसीत ठेवणं म्हणजे चारचौघांत कान पकडणं. तानाकांना वाटलं तर ते स्वतः साहेबांना घेतील.

दुसरा बदल चुकीच्या जागेचा. चूक 'तुमच्या स्पेकमध्ये' ठेवायची नाही. ती दोन कागदांच्या मध्ये ठेवायची: इथे हे लिहिलंय, तिथे ते लिहिलंय. आणि वर आपल्या समजुतीबद्दल शंका घ्यायची. जपानीत याला 'निन्शिकी', म्हणजे आकलन, हा शब्द वापरतात. 'आमच्या आकलनात चूक असेल तर सांगावं.' हे खोटं विनम्र बोलणं वाटतं, पण मी सांगतो, दहातल्या दोन-तीन वेळा चूक खरंच आपल्या आकलनात निघते आणि मग ते वाक्य आधी लिहिल्याचं समाधान फार मोठं असतं.

तिसरा बदल: दोन्ही पर्यायांत काय होईल हे आपणच मांडायचं. मेल असा झाला:

विषय: [खात्री करण्याची विनंती, बुधवार १२ पर्यंत] ऑर्डर क्रमांकाची अंकसंख्या

तानाका-सान,

नेहमीच्या सहकार्याबद्दल आभार. मी कुलकर्णी, पुण्याच्या टीममधून.

गेल्या आठवड्यात तपशीलपत्र पाठवल्याबद्दल धन्यवाद. त्यातली एक बाब आम्ही बरोबर समजलो आहोत ना, याची खात्री करून घेण्यासाठी लिहीत आहे.

तपशीलपत्र, पान १२: ऑर्डर क्रमांक ८ अंकी.
नमुना फाइल, ओळ ३: ऑर्डर क्रमांक १० अंकी.

आमच्या आकलनात चूक असल्यास क्षमस्व, तसं असेल तर कृपया सांगावं. तूर्त आम्ही १० अंक धरून काम पुढे नेत आहोत. ८ अंक बरोबर असतील तर बदलाला अर्धा दिवस लागेल.

आपण कामात असाल, तरी बुधवार १२ तारखेला दुपारी १२ पर्यंत (जपानची वेळ) कोणतं धरावं हे कळलं तर फार मदत होईल. तोवर कळल्यास शुक्रवार १४ रोजी दुपारी ३ ची डिलिव्हरी ठरल्याप्रमाणे होईल. त्यानंतर कळल्यास आणि ८ अंक ठरल्यास, डिलिव्हरी सोमवार १७ रोजी दुपारी ३ ला करण्याविषयी आपल्याशी बोलावं लागेल.

लोभ असावा ही विनंती.

शेवटची ओळ अर्थात गंमत. इंग्रजीत तिथे आपलं नेहमीचं आभाराचं वाक्य येतं. बाकीचं बघा. 'लवकरात लवकर' गेलं आणि त्याजागी तारीख, वार, वेळ आणि कुणाची वेळ हे आलं. जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. आपला शुक्रवार संध्याकाळी सहाचा 'एंड ऑफ डे' म्हणजे तिथले रात्रीचे साडेनऊ. तोवर तानाका लोकलमध्ये असतात आणि आपली 'शुक्रवारची' डिलिव्हरी त्यांच्या हिशोबात सोमवारी झालेली असते. मेलमधला दुपारचा तीन म्हणजे आपल्याकडचे सकाळचे साडेअकरा. हे टीमला आधीच कळलेलं असलं म्हणजे शुक्रवारी दुपारी धावपळ होत नाही. गुरुवारी रात्री होते.

'मागच्या आठवड्यातही विचारलं होतं' हे पूर्ण गाळलं. लीड यावरच सगळ्यात जास्त भांडला. त्याचं म्हणणं, आम्ही विचारलं होतं याची नोंद तर हवी ना, उद्या उशीर आमच्या माथी आला तर? रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे जुन्याच मेलला उत्तर म्हणून हा मेल पाठवायचा. खाली जुना मेल तारखेसकट आपोआप दिसतो. नोंद राहते आणि कुणी बोलून दाखवत नाही. ज्याला बघायचंय त्याने खाली स्क्रोल करावं.

आणि 'नाहीतर होणार नाही' याचं 'याविषयी बोलावं लागेल' झालं. परिणाम तेवढाच स्पष्ट आहे, तारीखसुद्धा दिली आहे. बदललं एवढंच की निर्णय समोरच्याच्या हातात राहिला.

मेल पुढे जाणार असतो

एवढा खटाटोप कशाला, असं वाटणं साहजिक आहे. मला त्याचं सगळ्यात पटलेलं कारण संस्कृतीपेक्षा ऑफिसच्या कारभारात आहे. जपानी कंपनीत बऱ्याच निर्णयांवर एकटा माणूस सही करत नाही. 'रिंगी' नावाची पद्धत आहे: प्रस्तावाचा कागद खालून वर टेबलाटेबलावरून फिरतो आणि प्रत्येक जण त्यावर शिक्का उठवतो, आता बऱ्याच ठिकाणी हे स्क्रीनवर होतं. त्याआधी 'नेमावाशी' होते. मूळ शब्द बागकामातला. मोठं झाड दुसरीकडे लावायचं असेल तर आधी त्याच्या मुळांभोवती खणून तयारी करतात, तसं बैठकीआधी एकेकाला भेटून गोष्ट कानावर घालून ठेवायची. बैठकीत मग नवीन काही घडत नाही.

म्हणजे तुमचा मेल तानाकांपाशी थांबत नाही. ते त्याचं जपानी करतात, साहेबांना दाखवतात, साहेब खरेदी विभागाला पाठवतात. ही वाचणारी माणसं तुम्हाला ओळखत नाहीत; तुम्ही मनाने चांगले आहात, फक्त घाईत होता, हे त्यांना माहीत नसतं. त्यांच्यापुढे फक्त कागद असतो. त्यामुळे लिहून झालं की मी विचारतो: हा मेल तानाका जसाच्या तसा वर पाठवू शकतील का? पहिला मेसेज ते पाठवूच शकत नव्हते, कारण त्यात त्यांचीच चूक पहिल्या ओळीत होती. दुसरा ते दोन मिनिटांत पुढे ढकलू शकतात आणि त्यात त्यांचं नाकही कापलं जात नाही. उत्तर लवकर येण्याचं गुपित बहुतेक वेळा हेच.

याच कारणाने बैठकीत वाईट बातमी फोडू नये. आधल्या दिवशी तानाकांना फोन किंवा मेल करून सांगावी. आमच्या टीमला हे दुटप्पी वाटायचं, 'उद्या सांगणारच आहोत की'. पण उद्या तानाकांना साहेबांसमोर तुमच्याइतकंच आश्चर्य वाटलं तर त्यांच्या साहेबांचा पहिला प्रश्न तुम्हाला नसतो, त्यांना असतो: "तुम्हाला माहीत नव्हतं?"

आपले साहेब, त्यांचे साहेब

मराठी माणूस एका ठिकाणी हमखास चुकतो. आपण बाहेरच्यांशी बोलतानाही आपल्या साहेबांना साहेबच म्हणतो. "जोशीसाहेबांनी मंजूर केलंय, ते स्वतः येणार आहेत." आपल्याकडे आदर माणसाला चिकटलेला असतो, ऐकणारा कुणीही असो, साहेब ते साहेब. जपानीत आदर ऐकणाऱ्याप्रमाणे बदलतो. आपल्या कंपनीतली सगळी माणसं 'आतली', ग्राहक 'बाहेरचा'. बाहेरच्यासमोर आतल्याला उंच करायचं नाही, अगदी कंपनीच्या अध्यक्षालासुद्धा. आडनावाला पद जोडून म्हणणं हीच तिथे आदराची खूण असल्यामुळे 'जोशी विभागप्रमुख' असंही नाही, 'विभागप्रमुख असलेले जोशी' असं म्हणायचं. ऑफिसात जो माणूस दिवसभर साहेबांना वाकून बोलतो, तोच फोनवर ग्राहकाला "जोशी आत्ता जागेवर नाही" असं म्हणतो आणि साहेब शेजारी बसून समाधानाने ऐकतात.

जपानी आदरार्थी भाषेचे प्रकार बरेच आहेत. २००७ साली तिथल्या सांस्कृतिक परिषदेने त्यांची पाच गटांत मांडणी केली. जपानी शिकणाऱ्यांना त्यांतून जावंच लागतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला त्यातलं एवढंच लागतं: ग्राहकाला 'सान', आपल्या माणसाला काही नाही. 'मेहता सर हॅज अप्रूव्ह्ड' ऐवजी 'आमचे व्यवस्थापक मेहता यांनी मंजुरी दिली आहे' इतकंच. पहिल्यांदा लिहिताना हात अडखळतो. मेहता सरांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

उत्तर वाचायचं कसं

लिहिणं निम्मं, वाचणं निम्मं. 'केन्तो शिमास', विचार करतो, हे खरंच विचार करण्यासाठीही वापरतात आणि नकारासाठीही. ओळखायचं कसं? त्याच्याबरोबर तारीख आली, अधिक माहिती मागितली, कोण ठरवणार ते सांगितलं, तर खरंच विचार चाललाय. नुसतंच आलं आणि विषय पुढे सरकला तर ते 'बघू' आहे. 'मुझुकाशीई', अवघड आहे, याचा अर्थ मात्र धंद्यात बहुतेक वेळा 'नाही'. आमचे इंजिनिअर 'अवघड आहे' ऐकलं की खूश होतात, तोडगा काढायला बसतात आणि आठवड्याने प्रेझेंटेशन घेऊन जातात. समोरचा माणूस मनात कपाळाला हात लावतो. त्याने नाही म्हणून झालेलं असतं.

ज्यांना हे परकं वाटतं त्यांनी लग्नाच्या बोलणीतलं 'पत्रिका जुळत नाही' आठवावं. तिथे कुणी दुसऱ्या ज्योतिषाची पत्रिका घेऊन जात नाही. शंकाच असेल तर पुन्हा न रेटता बाजूने विचारावं: "यातला कोणता भाग अवघड जाईल, म्हणजे आम्ही दुसरा काही पर्याय आणू?" खर्च किंवा तारीख असं काही नेमकं उत्तर आलं तर दार उघडं आहे. 'एकंदरीतच' असं आलं तर बंद आहे.

उलट बाजूने, आपलं 'येस' त्यांना गोंधळात टाकतं. आपण 'ऐकलं' या अर्थाने 'येस येस' म्हणतो, ते 'होईल' असं लिहून घेतात. (गंमत म्हणजे त्यांचं 'हाय', म्हणजे जपानीतलं 'हो', हेदेखील पुष्कळदा 'ऐकतोय' एवढंच असतं. म्हणजे दोन्हीकडून हो हो चालू आणि ठरलेलं काहीच नाही.) बैठक संपली की त्याच दिवशी कोण काय कधी करणार, हे चार ओळींत लिहून पाठवणं हा यावरचा एकमेव इलाज मला सापडला. जपानीत उत्तर देता येत असेल तर ग्राहकाला 'र्योकाई'ऐवजी 'शोचि इताशिमाश्ता' लिहावं. दोन्हींचा अर्थ 'कळलं', पण ग्राहकाला पहिलं लिहू नये असं तिथले शिष्टाचार शिकवणारे सांगतात. ते 'बरं बरं' सारखं वाटतं.

चूक आपली असेल तर

इथे मऊपणा सगळ्यात जास्त अंगाशी येतो. आपण आधी कारण सांगतो: सर्व्हर बंद होता, नवीन मुलगा होता, म्हणून असं झालं, सॉरी. त्यांच्याकडे क्रम असा: आधी माफी, मग काय झालं आणि कुणाला त्रास झाला, मग आत्ता काय केलं, मग कारण आणि शेवटी 'साइहात्सु बोशी', पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं. कारण वर आलं की सबब होते, खाली आलं की माहिती.

शेवटच्या भागात 'यापुढे काळजी घेऊ' लिहिलं की तो अहवाल बहुधा परत येतो. काळजी आधीही घेतली होतीच ना, मग? त्यांना पद्धतीतला बदल हवा असतो. "डिलिव्हरीआधी फाइलची अंकसंख्या तपासणारी चाचणी जोडली; ती दुसऱ्या व्यक्तीने चालवल्याशिवाय फाइल बाहेर जात नाही" असं काहीतरी, जे उद्या येऊन बघता येईल. एक इशारा: झालेल्या त्रासाबद्दल माफी मागणं आणि करारातली जबाबदारी मान्य करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पैशांचा प्रश्न असेल तर कारणाचा परिच्छेद लिहिण्याआधी आपल्या कायद्याच्या माणसाला दाखवावा. माफीची ओळ मात्र त्यासाठी अडवून ठेवू नये, ती त्याच दिवशी जावी.

हे सगळं प्रत्येक ग्राहकाला लावू नका. तोक्योमधल्या छोट्या स्टार्टअपमधली पोरं चॅटवर एका शब्दात उत्तरं देतात आणि त्यांना साचेबंद मेल गेला तर त्यांना वाटतं, काही बिनसलंय का? माझी पद्धत अशी: त्या माणसाने आपल्याला पाठवलेले शेवटचे तीन मेल काढायचे आणि त्यांच्यापेक्षा एक पायरी वर राहायचं. तो नमस्काराची ओळ गाळायला लागला की महिन्याभराने आपणही चॅटवर गाळायची. करार, उशीर आणि माफी मात्र मेलवर आणि पूर्ण पोशाखात.

त्या आठ-दहाच्या प्रकरणात उत्तर शेवटी आलं ते 'दहा'. त्याखाली तानाकांनी लिहिलं होतं की पान १२ वर जुनी आवृत्ती राहून गेली होती, तसदीबद्दल क्षमस्व. लीड मला म्हणाला, "बघा, मी म्हटलं नव्हतं, त्यांचीच चूक होती!" तो हेच ग्रुपवर टाइप करायला निघाला होता. मी त्याला आधी चहाला नेलं.